जर्मनीत दुकानाच्या मेलबॉक्सवर जर्मन निरोप रेकॉर्ड करायचाय. मजकूर तपासून द्याल का?

सुईदोरा

मंडळी, श्टुटगार्टात, म्हणजे बाट कानश्टाटला, माझं कपडे अल्टर करायचं छोटं दुकान आहे. पँटची लांबी कमी करणं, चेन बदलणं, लग्नाचे गाऊन कमरेत घेणं आणि आपल्या बायकांचे ब्लाउज. दुकानात मी एकटीच. मशीनवर बसले की फोन उचलता येत नाही आणि सध्या मेलबॉक्सवर कंपनीचा यांत्रिक आवाज नुसता नंबर वाचून दाखवतो. लोक निरोप न ठेवताच फोन ठेवतात.

म्हणून स्वतःच्या आवाजात जर्मन निरोप ठेवायचाय. दुकान मंगळवार ते शुक्रवार दहा ते साडेसहा, शनिवारी दहा ते दोन. सोमवारी बंद. मी लिहिलेला मजकूर असा (वाचायला सोपं जावं म्हणून सगळं देवनागरीतच लिहून काढते):

"हालो, हीअर इस्ट डी एन्डरुंग्सश्नायडराय अमुक. लायडर रूफन झी आउसरहाल्प उन्झरर एफ्नुंग्सत्साइटन आन. विअर हाबन गेएफ्नेट फॉन डीन्स्टाग बिस फ्रायटाग फॉन त्सेन बिस हाल्प झीबन, उन्ट झाम्स्टाग फॉन त्सेन बिस त्स्वाय. इश रूफं झी आम नेश्स्टन वेर्कटाग त्सुऱ्युक. आउफ वीडरझेअन."

बरोबर आहे का? आणि मुलगी बारा वर्षांची आहे, तिचं जर्मन अगदी इथल्यासारखं. तिच्याकडून बोलवून घेऊ का?

पुणेरी_पाटी

"दुपारी १ ते ४ फोन करू नये. निरोप ठेवल्यास उत्तर मिळेलच असे नाही." जर्मन करून घ्या, हाकानाका.

म्युनिकचा_मन्या

मजकूर मला तरी ठीक वाटतोय. फक्त 'हालो'च्या जागी 'ग्र्यूस गॉट' करा, दक्षिणेत तसंच म्हणतात.

नेकारकाठ

मी एका हीटिंग-प्लंबिंगवाल्याच्या ऑफिसात बरीच वर्षं फोन सांभाळते, तेव्हा या विषयावर हात शिवशिवतात. ताई, व्याकरण तुमचं चांगलं आहे. घोळ वेगळ्या ठिकाणी आहे.

पहिलं म्हणजे 'आउसरहाल्प उन्झरर एफ्नुंग्सत्साइटन'. तुम्ही म्हणताय की मशीनवर असताना फोन उचलता येत नाही. म्हणजे मंगळवारी सकाळी अकरा वाजता कोणी फोन केला तर त्याला ऐकू येणार, 'तुम्ही दुकानाच्या वेळेबाहेर फोन केलाय'. तो माणूस घड्याळ बघणार, दुकान बंद पडलंय असं समजणार आणि दुसऱ्या शिंप्याकडे जाणार. मोबाइलच्या मेलबॉक्सला बहुधा एकच निरोप ठेवता येतो, तेव्हा तो दिवसा नि रात्री दोन्ही वेळा खरा हवा. 'इम मोमेंट क्योनन विअर लायडर निश्ट आन्स टेलेफोन गेअन' इतकं म्हटलं की पुरतं. 'एन्टगेगननेमन'सारखी भारदस्त क्रियापदं बरेच जण घालतात. ती बोलताना जीभ अडखळते आणि ऐकणाऱ्याला फायदा शून्य.

दुसरं म्हणजे 'हाल्प झीबन'. जर्मन माणसाला ते साडेसहाच कळेल, त्यात चूक नाही. पण कानश्टाटमध्ये तुमच्या गिऱ्हाइकांत तुर्की, इटालियन लोक भरपूर असणार. त्यातले कित्येक 'हाल्प झीबन' ऐकून साडेसातला येतील. निरोपात नेहमी चोवीस तासांचं घड्याळ: 'आख्त्सेन ऊअर ड्रायसिश'. शनिवारचंही 'त्स्वाय' नको, 'फिअर्त्सेन ऊअर'.

तिसरं 'वेर्कटाग'. त्यावर संध्याकाळी लिहिते, आत्ता इथे फोन वाजतोय.

सदाशिव_स्वाबियन

श्वाबेनमध्ये तर त्याहून मजा आहे. इथले म्हातारे 'फिअर्टल झीबन' म्हणतात ते सव्वासहा आणि 'ड्रायफिअर्टल झीबन' म्हणजे पावणेसात. उत्तर जर्मनीतून आलेला माझा सहकारी वर्षभर मीटिंगला भलत्याच वेळी यायचा. पण आपल्याला काय अवघड आहे? पावणेसात म्हणजे सातात पाव उणा, हे आपण शाळेतच घोकलेलं. आकड्यांचंही तसंच. सत्तेचाळीस म्हणजे आधी सात मग चाळीस, झीबनउन्टफिअर्त्सिश. इंग्रजीतून जर्मन शिकणारे बिचारे इथे रडतात.

उंटावरचा_शहाणा

'उन्ट' हा शब्द प्रत्येक वाक्यात ऐकून मला वाटायचं हा देश उंटांचा आहे. आयडी तिथूनच घेतला.

कलम_कसाई

सगळे उच्चारांवर बसलेत, कायद्याचं कोणी बोलतच नाही. युरोपात डेटा संरक्षण कायदा आहे. गिऱ्हाइकाचा आवाज, नाव, नंबर रेकॉर्ड करताय, म्हणजे निरोपात तशी पूर्ण सूचना द्यावीच लागते. नाहीतर दंड. शिवाय जर्मन दंडसंहितेच्या कलम २०१ प्रमाणे परवानगीशिवाय बोलणं रेकॉर्ड करणं हा गुन्हा आहे.

नेकारकाठ

कलम_कसाई, २०१ आहे हे बरोबर, पण ते चोरून रेकॉर्ड करण्याबद्दल. इथे माणसाला सांगितलंय की नाव-नंबर ठेवा, पुढे 'पीप' वाजतो आणि मग तो आपणहून बोलतो. त्याला न कळता काहीच होत नाही. डेटा संरक्षण लागू आहे हे मान्य. पण त्याची माहिती वेबसाइटवरच्या 'डाटनशुत्सएरक्लेरुंग'मध्ये एका परिच्छेदात घालतात आणि निरोप काम झाल्यावर पुसून टाकतात. एक मिनिटाची कायदेशीर सूचना ऐकवणारा शिंपी मी तरी पाहिला नाही. मोठ्या हॉटलाइनवर 'गुणवत्तेसाठी संभाषण रेकॉर्ड होत आहे' असं सांगतात ते दोन्ही बाजूंच्या चालू संभाषणाबद्दल असतं. ती गोष्ट निराळी.

कलम_कसाई

वेबसाइट नसेल तर?

नेकारकाठ

हा प्रश्न चांगला आहे. दुकानात कागद लावून ठेवणारे पाहिलेत. ते पुरतं का, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. हांडव्हेर्क्सकामर सभासदांना असल्या बाबतीत सल्ला देते, ताईंनी तिथे एक फोन करावा.

राग_दरबारी

माझी एक सूचना: मागे हळू आवाजात बासरी किंवा सतार लावा. भारतीय दुकान आहे हे लगेच कळेल.

बर्लिनची_बकुळा

नका हो लावू. जर्मनीत संगीताच्या हक्कांचं काम 'गेमा' ही संस्था बघते आणि फोनवर वाजणाऱ्या संगीतासाठीही तिचा परवाना आणि शुल्क असतं. हक्कमुक्त संगीत चालतं, पण मग ते हक्कमुक्त आहे हे दाखवायची जबाबदारी आपली. तेवढ्यासाठी कशाला डोक्याला ताप? शिवाय फोनच्या अरुंद पट्ट्यात बासरी शिट्टीसारखी वाजते आणि तिच्याखाली वेळा ऐकूच येत नाहीत.

राग_दरबारी

बरं, मग स्वतः गुणगुणलेलं चालेल का? मी भूप चांगला गुणगुणतो.

बर्लिनची_बकुळा

कायद्याने चालेल. गिऱ्हाईक चालेल का ते बघा.

डॉक्टरीणबाई

माझ्या फिजिओच्या प्रॅक्टिसमध्ये आम्ही निरोपाच्या शेवटी ११६११७ हा नंबर सांगतो आणि जिवावरचं असेल तर ११२. तुम्हीही आपत्कालीन नंबर घातलात तर जबाबदारपणा दिसतो.

पुणेरी_पाटी

हो. "चेन अडकल्यास ११२."

डॉक्टरीणबाई

अगं बाई, मी दुकान कसलं ते वाचलंच नाही.

नेकारकाठ

आता 'वेर्कटाग'. ताई, तुमच्या मजकुरातली खरी सुरुंगाची वात ही आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुम्ही म्हणता, 'आम नेश्स्टन वेर्कटाग' फोन करीन. शनिवारी दुपारी तीनला फ्राउ अमुकतमुक फोन करते. तिच्या नातीच्या कम्यूनियनचा फ्रॉक तुमच्याकडे आहे. पुढचा वेर्कटाग कोणता? सोमवार. आणि सोमवारी तुम्ही बंद. ती बाई सोमवारभर फोनजवळ बसणार, संध्याकाळी चिडणार, आणि मंगळवारी तुम्ही गोड आवाजात फोन कराल तेव्हा तुमचा शब्द मोडलेला असेल. तुम्ही खोटं बोलला नाहीत, पण निरोपाने तुम्हाला खोटं पाडलं.

आमच्या ऑफिसात नवीन आलेल्या प्रत्येकाला मी हेच विचारते: सुट्टी लागायच्या आदल्या संध्याकाळी फोन करणाऱ्या माणसाला हे वाक्य ऐकून कोणता दिवस कळेल? निरोप तपासायचा तो त्या माणसाच्या कानाने.

म्युनिकचा_मन्या

वेर्कटाग म्हणजे सोमवार ते शुक्रवार ना? शनिवार त्यात धरत नाहीत.

सदाशिव_स्वाबियन

मन्या, धरतात. रजेच्या कायद्यात, बुंडेसउरलाउब्सगेझेत्सच्या कलम ३ मध्ये, रविवार आणि सणाच्या सुट्ट्या वगळून सगळे दिवस वेर्कटाग आहेत, म्हणजे शनिवारही आला. बसच्या वेळापत्रकात 'वेर्कटाग्स' लिहिलं असेल तर शनिवारी स्टॉपवर उभं राहायचं का हा प्रश्न म्हणूनच पडतो. तू म्हणतोस तो 'आरबाइट्सटाग'.

पण गंमत पुढे आहे. घरभाडं महिन्याच्या तिसऱ्या वेर्कटागपर्यंत द्यायचं असतं, आणि त्या हिशेबात शनिवार धरायचा नाही असं बुंडेसगेरिश्ट्सहोफने २०१० साली ठरवलं. म्हणजे मन्या निम्मा बरोबर आहे. भाड्यापुरता.

म्युनिकचा_मन्या

निम्मा तर निम्मा. चहा माझ्याकडून.

सुईदोरा

बाप रे. मग काय म्हणू? 'वेर्कटाग' मी दुसऱ्या एका दुकानाच्या मेलबॉक्सवर ऐकून उचललं होतं. अजून एक अडचण: मी परत फोन करते तो दुकान बंद केल्यावर, पावणेसात-सातच्या सुमारास. सकाळी उघडलं की गाऊन घ्यायला येणाऱ्यांची रांग असते.

नेकारकाठ

मग 'श्पेटेस्टन्स आन उन्झरम नेश्स्टन एफ्नुंग्सटाग' म्हणा. वेळा आणि 'मोन्टाग्स इस्ट गेश्लॉसन' त्याआधीच सांगितलेलं असलं की बाईला मंगळवार आपोआप कळतो. आणि संध्याकाळीच करता तर 'गेगन आबन्ट' जोडा, म्हणजे कोणी दुपारी वाट बघत बसणार नाही. दुकान बंद झाल्यावर सातला फोन आलेला इथे चालतो, साडेआठनंतर मात्र नको.

बर्लिनची_बकुळा

मला इथे नेकारकाठताईंचं पटत नाही. एकट्या बाईने मुदत द्यावीच कशाला? आजारी पडल्या तर? 'विअर मेल्डन उन्स झो बाल्ट वी म्योगलिश' म्हणावं आणि मोकळं व्हावं. माझ्या ओळखीच्या तीन-चार छोट्या दुकानदारांनी तेच ठेवलंय.

नेकारकाठ

ठेवतात खरे. पण 'झो बाल्ट वी म्योगलिश' ऐकून माणूस निरोप ठेवत नाही, परत परत फोन करतो. पाच फोन झाले की सुईदोराताईंना पाच वेळा मशीन थांबवावंसं वाटणार. मुदत दिली की एक निरोप येतो. आजारपणाचं म्हणाल तर त्या दिवशी निरोप बदलायचा, दोन मिनिटांचं काम.

बर्लिनची_बकुळा

ताप १०२ असताना जर्मन 'ऊमलाउट' उच्चारत निरोप बदलून दाखवा, मग बोलू.

भाषामैत्रीण

मी जर्मन शिकवते, दोन गोष्टी उच्चारांच्या सांगते.

'त्स' लिहून तुम्ही उगाच जोडाक्षर ओढताय. चमच्यातला 'च' म्हणा. त्सेन, त्सुऱ्युक, त्स्वाय, सगळीकडे तोच चमच्यातला, चष्म्यातला 'च'. दिल्लीकडच्या विद्यार्थ्यांना हा आवाज आणायला आठवडे लागतात, आपल्याला तो घरून मिळालाय. 'त्सुऱ्युक'च्या शेवटी मात्र ओठ 'ऊ'सारखे गोल ठेवून तोंडात 'ई' म्हणायचं. 'फ्यूअर झी डा'मध्येही तेच.

दुसरं, आघात. आपण भारतीय प्रत्येक अक्षराला सारखं वजन देतो, त्यामुळे शब्द बरोबर असूनही जर्मन माणूस 'काय?' म्हणतो. 'एफ्नुंग्सत्साइटन'मध्ये जोर 'एफ'वर, 'आनरूफ'मध्ये 'आन'वर, पण 'हिन्टरलासन'मध्ये 'ला'वर. कागदावर त्या अक्षरांखाली पेन्सिलने रेघ ओढा. 'डीन्स्टाग बिस फ्रायटाग' चुकीचं नाही, पण दर आठवड्याचं सांगायचं तर 'डीन्स्टाग्स, झाम्स्टाग्स' असा शेवटी 'स' लावणं कानाला बरं.

आणि फोनवर 'आउफ वीडरझेअन' नाही, 'आउफ वीडरह्योरन'. दिसत नाही ना कोणी, ऐकूच येतं.

मुलीकडून बोलवू नका. लहान मुलीचा आवाज ऐकून लोकांना घरी फोन लागला असं वाटतं, आणि संध्याकाळी तुमचा आवाज आला की पुन्हा 'कोण बोलतंय?' पासून सुरुवात. तुमचा मराठी हेल असू दे. मुलीला समोर बसवा आणि तिला अडलेल्या शब्दाला हात वर करायला सांगा.

कोकणी_मेवा

माझी बायको ब्रेमेनला आहे, तिकडे 'ग्र्यूस गॉट' म्हटलं की हसतात. मन्याभाऊ, सगळा देश म्हणजे म्युनिक नव्हे.

म्युनिकचा_मन्या

दुकान कानश्टाटला आहे हो, ब्रेमेनला नाही!

भाषामैत्रीण

कानश्टाटला दोन्ही चालतं. पण ज्याला घरी 'ग्र्यूस गॉट'ची सवय नाही त्याने ते म्हटलं की जरा नाटकी वाटतं. 'गुटन टाग' कुठेच खटकत नाही. रात्री दहालाही ते ऐकू येणार, त्याला इलाज नाही.

सुईदोरा

'ग्र्यूस गॉट' मी रोज ऐकते, पण माझ्या तोंडून निघत नाही. 'गुटन टाग' ठेवते.

एक तांत्रिक प्रश्न. माझा फोन तीन-चार वेळा वाजतो न वाजतो तोच मेलबॉक्स उचलतो. मशीनवरून उठून काउंटरपर्यंत जाईपर्यंत गेलेला असतो. हे वाढवता येतं का?

उंटावरचा_शहाणा

येतं. शहाणपणाची एक तरी गोष्ट लिहितो. फोनच्या डायलपॅडवर हे टाइप करून कॉल करा:

```
**61*NUMMER*11*30#
```

NUMMER च्या जागी तुमच्या नेटवर्कचा मेलबॉक्स ज्या नंबरवर आहे तो. ३० म्हणजे सेकंद. पाचच्या पटीत ५ ते ३० एवढंच घेतं, ४० टाकलं तर नकार येतो. आधी सध्या काय लावलंय ते पाहायला `*#61#`, त्यात वळवलेला नंबरही दिसतो, तोच वरती वापरा. हे मोबाइलसाठी. घरच्या राउटरवरून लँडलाइन चालवत असाल तर त्याच्या सेटिंगमध्ये वेगळं असतं, आणि तिथे दुकानाच्या वेळेनुसार दोन वेगळे निरोपही ठेवता येतात.

पुणेरी_पाटी

उंटावरून खाली उतरलात की काय?

नेकारकाठ

ताई, एक विचारते. तुमच्याकडे येणाऱ्या फोनमध्ये सगळ्यात जास्त कशासाठी असतात?

सुईदोरा

"माझी पँट झाली का?" अर्ध्याहून जास्त. आणि नाव सांगतात म्युलर. माझ्याकडे म्युलर किती असतील ते विचारू नका. प्रत्येकाला पिवळी पावती देते, नंबर असतो तिच्यावर, पण फोनवर कोणी तो सांगत नाही.

नेकारकाठ

कारण कोणी विचारत नाही! 'बिटं हिन्टरलासन झी आइनं नाखरिश्ट' इतकंच म्हटलं की लोक "हालो, म्युलर, रूफन झी बिटं त्सुऱ्युक" म्हणून ठेवून देतात. त्यातून तुम्हाला काही कळत नाही. पावतीचा नंबर मागा, म्हणजे संध्याकाळी फोन करायच्या आधी तुम्ही रॅकवर बघून आलेल्या असाल. आणि दुकानाचा स्वतःचा नंबर निरोपात सांगू नका, ज्याने लावलाय त्याला तो माहीत आहे. पत्त्याचंही तेच, 'इन बाट कानश्टाट' पुरे.

सगळं धरून असा मजकूर होतो:

"गुटन टाग, झी झिंट फरबुंडन मिट डेअर एन्डरुंग्सश्नायडराय अमुक इन बाट कानश्टाट. इम मोमेंट क्योनन विअर लायडर निश्ट आन्स टेलेफोन गेअन. विअर झिंट डीन्स्टाग्स बिस फ्रायटाग्स फॉन त्सेन बिस आख्त्सेन ऊअर ड्रायसिश फ्यूअर झी डा, झाम्स्टाग्स फॉन त्सेन बिस फिअर्त्सेन ऊअर. मोन्टाग्स इस्ट गेश्लॉसन. बिटं नेनन झी उन्स ईरन नामन, ईरं टेलेफोननुमर उन्ट, वेन झी आइनन हाबन, डी नुमर आउफ ईरम आपहोलशाइन. विअर रूफन झी त्सुऱ्युक, श्पेटेस्टन्स आन उन्झरम नेश्स्टन एफ्नुंग्सटाग गेगन आबन्ट. फीलन डांक उन्ट आउफ वीडरह्योरन."

सावकाश वाचलं तर पाऊण मिनिटाच्या आसपास जातं. त्याहून लांबवू नका. वेळा सांगताना प्रत्येक स्वल्पविरामाला श्वास घ्या, लोक तेव्हा लिहून घेत असतात. मशीन बंद करून, टांगलेल्या कपड्यांच्या रॅककडे तोंड करून बोला, खोली घुमत नाही. आणि मग दुसऱ्या फोनवरून स्वतःला फोन लावून ऐका. अॅपमध्ये स्वच्छ वाटलेलं फोनवर गुळमुळीत निघतं, विशेषतः 'स' आणि 'फ'.

भाषामैत्रीण

'आपहोलशाइन'मध्ये जोर 'आप'वर. बाकी मजकूर छान. शेवटचं वाक्य मी दोन केली असती, एका दमात जरा लांब होतंय.

बर्लिनची_बकुळा

मुदत ठेवलीच शेवटी. ठेवा. पण ताई, सर्दीच्या दिवसासाठी दुसरा निरोप आजच रेकॉर्ड करून फोनमध्ये ठेवा, तेव्हा नुसता वाजवून मेलबॉक्समध्ये चढवता येईल.

सुईदोरा

रेकॉर्ड केला! मुलीने 'फ्यूअर'ला हात वर केला, दोनदा. बाकी पास. आज निरोपात पहिल्यांदा एका आजींनी पावतीचा नंबर सांगितला, तोही एकेक आकडा सुटा करून. पिवळी पावती मिळाली, पँट मिळाली, फोनवर एक मिनिटही लागलं नाही. 'गेगन आबन्ट' मात्र ऐकून एक गृहस्थ फोनची वाट न बघता संध्याकाळी सव्वासहाला स्वतःच दुकानात हजर झाले.

सदाशिव_स्वाबियन

म्हणजे फिअर्टल झीबनला.

सुईदोरा

ऑगस्टमध्ये तीन आठवडे साताऱ्याला जातेय. तेव्हा काय म्हणू? 'बिस त्स्वान्त्सिग्स्टन आउगुस्ट' म्हटलं तर वीस तारखेला उघडं की बंद?

नेकारकाठ

तिथेही 'बिस' एकटं सोडू नका. 'बिस आइनश्लीसलिश' म्हटलं की वीस तारीख सुट्टीत धरली. आणि त्यापुढे उघडण्याचा दिवस वेगळा सांगा: 'आप डेम आइनउन्टत्स्वान्त्सिग्स्टन झिंट विअर वीडर फ्यूअर झी डा'. फक्त एकवीस तारीख सोमवारी येत नाही ना, ते कॅलेंडरात बघा. परत फोन करण्याचं वाक्य त्या तीन आठवड्यांपुरतं काढून टाका, साताऱ्याहून तुम्ही कोणालाही फोन करणार नाही आहात.

पुणेरी_पाटी

आणि परत आल्यावर जुना निरोप लावायला विसरू नका. आमच्या गल्लीतल्या चावीवाल्याचा मेलबॉक्स फेब्रुवारीतही नाताळच्या शुभेच्छा देतो.